कवळी बसवली, पुढे काय? पूर्ण कवळीच्या पहिल्या वर्षासाठी मार्गदर्शक

मागच्या वर्षी पाडव्याच्या आठ दिवस आधी माझी वरची-खालची पूर्ण कवळी बसली. दवाखान्यातून निघताना हातात प्लॅस्टिकची एक डबी आणि "काही त्रास झाला तर या" एवढंच वाक्य मिळालं. त्रास म्हणजे किती, कुठला, आणि तो होऊ नये म्हणून घरी काय करायचं, हे विचारायला मला तेव्हा सुचलं नाही. पुढच्या वर्षभरात एक जखम, एकदा टाळूला बुरशी आणि शेवटी खालच्या कवळीचं रिलायनिंग, म्हणजे आतून नवं अस्तर, असं सगळं झालं. त्यातलं निम्मं टाळता आलं असतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कवळी अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे एका कडक प्लॅस्टिकची असते. माप घेतलं त्या दिवशी तुमच्या हिरडीचा जो आकार होता, तोच तिचा आकार, आणि ती तशीच राहते. कवळीखालचं जबड्याचं हाड मात्र दात गेल्यावर झिजत जातं. पहिल्या महिन्यात टोचतं ते बहुतेक वेळा कवळीमुळे, आणि वर्षानंतर ढिली पडते ती जबड्यामुळे. दोन्ही ठिकाणी इलाज वेगळा आहे.

घरात आणून ठेवायचं सामान

- कवळीचा ब्रश (मेडिकलमध्ये मिळतो, नसेल तर मऊ दातांचा टूथब्रश, पण तो कवळीसाठीच वेगळा ठेवा)
- भांडी घासायचं लिक्विड किंवा साधा हात धुवायचा साबण
- हिरड्या पुसायला सुती कापडाचे तुकडे किंवा आणखी एक अगदी मऊ ब्रश
- झाकणाची डबी, कवळी पूर्ण बुडेल एवढी खोल
- कवळी साफ करायच्या गोळ्या (रोज लागतीलच असं नाही)
- पांढरा व्हिनेगर, घरात बोअरचं पाणी असेल तर

डॉक्टरांकडे जाताना जुनी फाईल, चालू औषधांची यादी आणि मधुमेह असेल तर शेवटचा शुगर रिपोर्ट बरोबर ठेवा. औषधांची यादी कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण काही औषधांनी तोंड कोरडं पडतं, आणि वरची कवळी टाळूला धरून राहते ती लाळेच्या पातळ थराने. लाळ कमी झाली की चांगली बसलेली कवळीही सुटते आणि घासून जखमा करते.

## १. रोजची सफाई

प्रत्येक जेवणानंतर कवळी काढून नळाखाली खळबळून धुवा. नीट घासायची ती दिवसातून एकदा, रात्री झोपायच्या आधी.

घासण्यापूर्वी बेसिनमध्ये थोडं पाणी साठवा किंवा तळाशी टॉवेलची घडी पसरा. ओली, साबण लागलेली कवळी हातातून माशासारखी सुटते. माझी खालची कवळी दुसऱ्याच आठवड्यात बेसिनवर आपटली आणि एका दाताचा टवका उडाला. टॉवेल अंथरायचा नियम त्याच दिवशी लागू झाला. खालची कवळी मुठीत दाबून धरू नका, ती घोड्याच्या नालासारखी असते आणि मधोमध तुटते. एका बाजूने, घासतोय त्या भागाजवळ चिमटीत धरा.

आता साबण. टूथपेस्ट वापरू नका. दाताच्या इनॅमलला चालते ती पेस्ट अ‍ॅक्रिलिकला फार खरखरीत पडते. तिने बारीक ओरखडे उठतात, डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यात चहाचा डाग आणि जंतू दोन्ही घर करतात. राखुंडी, दंतमंजन, मीठ आणि भांड्यांची पावडर यांचं तर नावच काढू नका. लिक्विडचा एक थेंब आणि साधं पाणी पुरतं. बाहेरून दात चकचकीत दिसले की काम झालं असं वाटतं, पण खरी घाण आतल्या बाजूला, हिरडीला टेकते तिथे बसते. धुतल्यावर आतून बोट फिरवून पाहा. बुळबुळीत लागलं तर पुन्हा घासा.

गरम पाणी कधीच नको. आमच्या शेजारच्या काकांनी "जंतू मरतील" म्हणून कवळी उकळत्या पाण्यात टाकली. जंतू मेले असतील, पण कवळीला बाक आला आणि ती पुन्हा तोंडात बसली नाही. कोमट म्हणजे हाताला जेमतेम जाणवेल एवढंच.

बोअरच्या पाण्याने खालच्या दातांच्या आतल्या बाजूला पांढरट, खडबडीत थर चढतो. तो नखाने किंवा सुरीने खरवडू नका. पांढरा व्हिनेगर आणि पाणी सारखं घेऊन त्यात अर्धा तास कवळी ठेवा, मग ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. मी पंधरा दिवसांतून एकदा करतो. कवळीत धातूची जाळी किंवा पट्टी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ब्लीचच्या भानगडीत स्वतःहून पडू नका. गुलाबी रंग उडतो, धातू असेल तर गंजतो. डॉक्टरांनी सांगितलंच तर पातळ करून आणि जास्तीत जास्त १० मिनिटं. व्हिनेगर आणि ब्लीच मात्र एकत्र येऊ देऊ नका, त्यातून विषारी वायू निघतो.

गोळ्या पाण्यात टाकल्या की फसफसतात. पाकिटावर लिहिली आहे तेवढी वेळ कवळी त्यात ठेवा आणि नंतर चांगली धुवा. गोळीमुळे ब्रश सुटत नाही, ती ब्रशनंतरची गोष्ट आहे. कवळी तोंडात असताना त्या पाण्याने चूळ भरायची नाही. घरात विसरभोळं झालेलं कुणी मोठं माणूस असेल तर पाकीट कुलपात ठेवा, कारण पित्ताची गोळी समजून ती गिळली जाऊ शकते.

कवळी झाली, आता तोंड. दात नसले तरी हिरड्या, टाळू आणि जीभ ओल्या सुती कापडाने किंवा मऊ ब्रशने रोज पुसायची. हे मी पहिले तीन महिने केलं नाही. त्याचं फळ पुढच्या पायरीत येतं.

## २. रात्री काढून ठेवणं

रात्री कवळी काढून ठेवायची. सांगायला सोपं आहे, पण करताना जीव जड होतो. बायकोसमोर बोळक्या तोंडाने झोपायची मला लाज वाटायची, म्हणून मी कवळी तशीच ठेवून झोपायचो. जुलैमध्ये टाळूला चुरचुरायला लागलं. आरशात बॅटरी मारून पाहिलं तर वरच्या कवळीचा जेवढा आकार, तेवढीच टाळू लालभडक. बाहेरची जागा मात्र नेहमीसारखी गुलाबी. डॉक्टरांनी पाहताक्षणी विचारलं, "रात्री काढता का?"

ती कँडिडा नावाची बुरशी होती. दिवसरात्र झाकलेल्या, ओल्या, लाळ न पोचणाऱ्या जागी ती फोफावते. दुखत नसल्यामुळे कित्येकांना कळतही नाही. मला दोन आठवडे बुरशीवरचं औषध लावायला दिलं आणि कवळी रात्री बाहेर ठेवायला सांगितली. नुसतं तोंडात औषध लावून भागत नाही, कारण बुरशी कवळीच्या आतल्या बाजूलाही असते. कवळी साफ केली नाही तर ती पुन्हा पुन्हा येते.

यात भीतीची आणखी एक बाजू आहे. जपानमध्ये ८५ वर्षं आणि त्यापुढच्या ५२४ जणांवर तीन वर्षं लक्ष ठेवून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कवळी लावून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका इतरांपेक्षा दुपटीहून जास्त आढळला. एकट्या कवळीला दोष देता येणार नाही, पण मला तेवढं पुरलं.

ठेवायची कशी? झाकणाच्या डबीत, साध्या पाण्यात, पूर्ण बुडेल अशी. कोरडी ठेवली तर अ‍ॅक्रिलिकमधलं पाणी उडून आकारात किंचित फरक पडू शकतो. पाणी रोज बदला आणि डबीही साबणाने धुवा. सकाळी लावण्यापूर्वी कवळी खळबळून घ्या.

रुमालात किंवा टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून कधीच ठेवू नका. लग्नाच्या पंगतीत ताटाशेजारी टिश्यूत ठेवलेली कवळी पत्रावळीबरोबर उकिरड्यावर जाते. माझी गेली नाही, पण वाढप्याच्या हातातून मी परत घेतली आहे. कुत्रा असेल तर डबी उंचावर ठेवा, लाळेच्या वासाने त्याला ती हाडासारखी वाटते.

एक अपवाद. ज्या दिवशी दात काढले त्याच दिवशी कवळी बसवली असेल तर पहिले २४ तास ती सहसा काढायची नसते. काढली तर सूज येऊन परत बसत नाही. तिथे तुमच्या डॉक्टरांचंच ऐका.

## ३. टोचणं, सोलवटणं, जखम

नवीन कवळीचे पहिले चार-आठ दिवस कुठे ना कुठे लागतंच. लाळ सुटते, तोंड भरल्यासारखं वाटतं, 'स' आणि 'फ' फसफसतात. याला औषध नाही, वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं. पण एका ठरावीक जागी बोट ठेवता येईल असं दुखत असेल तर ते सवयीने जाणार नाही.

माझं असं झालं. तिसऱ्या दिवशी खाली डावीकडे, जिभेच्या बाजूला, भाकरीचा तुकडा चावला की सुईसारखी कळ यायची. मी कवळी काढून ठेवली, दोन दिवस पातळ खिचडीवर काढले, जखम भरली आणि मग दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "आता मी काय बघू? इथे तर काहीच दिसत नाही." हीच ती चूक. फार दुखत असेल तर कवळी काढून ठेवा, पण डॉक्टरांची वेळ मिळाली की जाण्यापूर्वी काही तास ती लावून, त्यावर थोडं खाऊन मगच जा. जखमेची जागा ताजी दिसली पाहिजे.

दुसऱ्या खेपेला त्यांनी जखमेच्या जागी जांभळी पेन्सिल लावली आणि कवळी बसवून काढली. पेन्सिलीची खूण कवळीच्या आतल्या कडेवर उमटली. तेवढीच जागा मशीनने घासून गुळगुळीत केली. पाच मिनिटांचं काम. चार दिवसांनी शेजारीच थोडं लागायला लागलं, ते आणखी एका खेपेत गेलं. असे दोन-तीन हेलपाटे होतातच, त्यात कवळी बिघडली असं काही नाही.

दुखणं कसलं आहे, याचा अंदाज घरी घेता येतो:

- कडेला, एकाच जागी, ओरखडा किंवा छाला: कवळीची कड लांब किंवा टोकदार आहे. घासून घ्यावी लागते.
- चावताना हिरडीवर लांबवर ठणका, पण छाला नाही: बहुधा वरचे-खालचे दात नीट एकावर एक येत नाहीत. इथे कड घासून उपयोग नाही, चावा जुळवावा लागतो. डॉक्टरांना "चावताना दुखतं, नुसती लावल्यावर नाही" असं स्पष्ट सांगा.
- टाळू लाल, चुरचुर, फारसं दुखत नाही: वर सांगितलेली बुरशी.

घरी करायचं एवढंच: ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चूळ. लवंगेचं तेल जखमेवर लावू नका, उघड्या जागी ते भाजतं. आणि कवळी कानस, सँडपेपर किंवा नेलकटरने घासू नका. आतल्या बाजूचं चुकीच्या जागचं अ‍ॅक्रिलिक एकदा गेलं की कवळीची पकड जाते, ती परत चिकटवता येत नाही. तुटलेली कवळी घरच्या गोंदाने जोडायची नाही, हेही त्यातच आलं. तुकडे किंचित जरी वाकडे बसले तर लॅबला ते नीट जुळवता येत नाहीत.

आता महत्त्वाचं. कवळी घासून घेतल्यावर, किंवा काढून ठेवल्यावरही, जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर ती कवळीची जखम आहे असं धरून बसू नका. कडक कडांची जखम, न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, गिळताना त्रास असेल तर तपासणी आणि गरज पडल्यास तुकडा काढून बायोप्सी करावी लागते. आपल्याकडे दात गेल्यावरही हिरडीला मिश्री लावायची सवय सुटत नाही, तंबाखू तर आहेच. माझ्या आत्याला कवळी होती आणि सकाळ-संध्याकाळ मिश्रीही. अशा तोंडातल्या जखमेला "कवळी लागली असेल" म्हणून महिनोन् महिने सोडून देणं हाच सर्वांत मोठा धोका.

## ४. ढिली पडली की काय करायचं

आधी एक गैरसमज. खालची कवळी वरच्यासारखी घट्ट कधीच बसत नाही. वरच्या कवळीला अख्ख्या टाळूचा आधार असतो, खाली मधे जीभ असते. जीभ वर केली की खालची किंचित उचलली जाणं हे बिघाडाचं लक्षण नाही. कवळी कधी डुगडुगायला लागली, हे मात्र ओळखता यायला हवं.

दात काढल्यावर त्या जागचं हाड झिजतं. पहिल्या वर्षात भरभर, नंतर हळूहळू, पण थांबत नाही. टॉलग्रेन या दंतसंशोधिकेने १९७२ साली कवळी वापरणाऱ्यांच्या २५ वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यात खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या साधारण चौपट दिसली. म्हणून आधी तक्रार करते ती खालची कवळी.

माझ्या बाबतीत अकराव्या महिन्यात तीन गोष्टी एकदमच लक्षात आल्या. जेवणानंतर खालच्या कवळीखाली भाकरीचा चुरा साठायला लागला. कवळीला लावायची चिकटक्रीम आधी अधूनमधून लावायचो, ती रोज दोनदा लागायला लागली. आणि ओठांचे कोपरे चिरले, मलम लावूनही भरेनात. तोंड मिटल्यावर हनुवटी नाकाकडे जास्तच येते, म्हणून कोपऱ्यात घडी पडते, तिथे लाळ साठते आणि चिघळतं.

घरी करता येईल अशी एक तपासणी: कवळी लावा, दोन्ही हातांच्या तर्जन्या खालच्या दाढांवर ठेवा आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे दाबा. एका बाजूला दाबल्यावर दुसरी बाजू उचलली गेली, तर ती हिरडीवर नीट टेकत नाही.

चिकटक्रीमबद्दल एवढंच. धुऊन कोरड्या केलेल्या कवळीच्या आत वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके पुरतात. त्याहून जास्त लागत असेल तर गरज क्रीमची नाही, रिलायनिंगची आहे. वर्षानुवर्षं भरमसाट लावलेल्या, जस्त असलेल्या क्रीममुळे शरीरातलं तांबं कमी होऊन हातापायांच्या नसांना इजा झाल्याच्या नोंदी आहेत. पाकिटावर जस्त नसल्याचं पाहून घ्या.

रिलायनिंग म्हणजे कवळीला आतून नवं अस्तर. दात तेच, बाहेरचा आकार तोच, फक्त हिरडीला टेकणारी बाजू आजच्या हिरडीप्रमाणे नवी करायची. ते दोन प्रकारे होतं. एक खुर्चीवरच, तासाभरात: आत मसाला भरून तोंडातच आकार घेतला जातो. दुसरं लॅबमधून: कवळीतच माप घेऊन लॅबला पाठवतात आणि तिथे पक्कं अ‍ॅक्रिलिक भरतात. लॅबचं जास्त टिकतं, पण तेवढे दिवस कवळी तुमच्याकडे नसते. आधीच विचारून घ्या: कुठलं करणार, किती दिवस लागतील, खर्च किती, आणि नंतरचे घासायचे हेलपाटे त्यातच धरलेत का. हाड फार पातळ किंवा टोकदार असेल तर मऊ अस्तर सुचवतात. ते आरामदायक असतं, पण लवकर खराब होतं, त्यात बुरशी धरते आणि काही गोळ्या त्याला चालत नाहीत.

माझं लॅबमधून झालं. डॉक्टरांनी शनिवारपासून खालची कवळी लावूच नका म्हणून सांगितलं, कारण दाबलेल्या, सुजलेल्या हिरडीचं माप घेतलं तर अस्तरही चुकीचंच बसणार. दोन दिवस भाताची पेज, पिठलं-भात आणि दूध-पोळी कुस्करून. सोमवारी सकाळी कवळीच्या आत मापाचा मसाला भरून ती बसवली, दात मिटून धरायला लावले आणि ओठ, जीभ हलवून घेतली. मंगळवारी संध्याकाळी कवळी हातात आली. माझे कोपरे बुजायला आणखी दोन आठवडे लागले.

रिलायनिंगने सगळं सुटत नाही. कवळीचे दात झिजून सपाट झाले असतील, चावा घसरला असेल किंवा अ‍ॅक्रिलिकला तडे गेले असतील, तर नवीन अस्तर म्हणजे जुन्या छत्रीला नवा दांडा. त्या वेळी नवीन कवळीच करावी लागते. पाच वर्षं झाली की काही त्रास नसला तरी "ही बदलायची का?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारा. ऑनलाइन मिळणारे घरी अस्तर भरायचे किट आणू नका. चावा किंचित उंच झाला तरी हिरडीचं हाड आणखी वेगाने झिजतं.

आणि हो, अस्तर भरून आल्यावर कवळी तुमच्या तोंडाला पुन्हा नवीनच असते. मला चौथ्या दिवशी उजवीकडे टोचायला लागलं. या वेळी कवळी लावूनच गेलो, आणि वाटेत दोन बिस्किटंही चावून घेतली.